३.२ वरच का थांबायचं?

चायनीजच्या गाडीवर कढईत भुरभुरली जाणारी पांढरी, चमचमती पूड आपण सगळेच ‘अजिनोमोटो’ म्हणून ओळखतो. तिचं रासायनिक नाव मोनोसोडियम ग्लुटामेट. ती बनवणाऱ्या कारखान्यात एक टप्पा असा येतो, की सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं. टाकीत तपकिरी, मळकट द्रव असतो. उसाच्या मळीसारख्या गोड मालावर जिवाणू वाढवून तो तयार केलेला असतो आणि त्यात ग्लुटामिक आम्ल नावाचं अमिनो आम्ल भरपूर विरघळलेलं असतं. टाकीतली रवी फिरत असते आणि वरून सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल सावकाश सोडलं जातं. मीटरवर पीएच उतरत जातो : सात, सहा, पाच, चार. ३.२ आला की आम्ल बंद. टाकी थंड होऊ दिली की तळाशी स्फटिकांचा जाड थर साचतो.

आम्ल ४.५ वरच थांबवलं, तर बराचसा माल द्रवातच राहतो. उलट हात सैल सोडून पीएच १.५ पर्यंत उतरू दिला, तर तयार झालेले स्फटिक पुन्हा विरघळू लागतात. म्हणजे ‘जितकं आम्ल जास्त, तितके स्फटिक जास्त’ असा हा सरळ मामला नाही. एक ठरावीक जागा आहे, तिच्या अलीकडेही नुकसान आणि पलीकडेही. ही जागा कुठून येते, हे कागद-पेन्सिल घेऊन काढता येतं. त्यासाठी रेणूवरचा विद्युतप्रभार कसा ठरतो, तेवढं समजून घ्यावं लागतं.

हे अमिनो आम्ल सापडलं १८६६ मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिटहाउसेन यांनी गव्हातल्या ग्लुटेनपासून ते वेगळं केलं, म्हणून नाव ग्लुटामिक. १९०८ मध्ये टोकियोतल्या किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळाच्या सारातली चव कशामुळे येते याचा माग काढला आणि ते याच पदार्थापाशी येऊन पोचले. सुरुवातीची कित्येक वर्षं गव्हाचं ग्लुटेन तीव्र आम्लात उकळून हा माल काढला जाई. १९५० च्या दशकात जपानमध्ये ग्लुटामिक आम्ल बाहेर टाकणारा जिवाणू सापडला आणि कारखान्याचा कच्चा माल बदलला. पण स्फटिक पाडण्याचा आकडा बदलला नाही. तो रेणूच्या घडणीतूनच आलेला आहे.

आधी पीएच. शेतकऱ्यांच्या माती परीक्षण अहवालात ‘सामू’ म्हणून जो आकडा येतो, तो हाच. १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी ही मोजपट्टी मांडली. द्रावणात मोकळे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजन आयन, किती आहेत हे ती सांगते, पण उलट्या बाजूने. पीएच कमी असेल, तर प्रोटॉन मुबलक. जास्त असेल, तर प्रोटॉनची टंचाई. शिवाय ही पट्टी दहाच्या पटीत चालते. पीएच चारच्या द्रावणात पाचच्या दहापट प्रोटॉन असतात आणि सहाच्या शंभरपट.

आता पीकेए. पीएच ही द्रावणाची गोष्ट, तर पीकेए ही रेणूवरच्या एकेका गटाची. प्रोटॉन धरून ठेवणारे काही गट रेणूवर असतात. लासलगावच्या बाजारात कांद्याची टंचाई वाढली की भाव चढतो, आणि चढत्या भावाला एकेक शेतकरी साठवलेला कांदा बाहेर काढतो. ज्या भावाला बरोबर निम्म्या शेतकऱ्यांनी माल सोडलेला असतो, तो भाव त्या गावाची खूण म्हणून लिहून ठेवता येईल. पीएच हा प्रोटॉनच्या बाजारातला चालू भाव आणि पीकेए ही प्रत्येक गटाची ती निम्म्यावरची खूण. पीएच पीकेएइतका असताना त्या गटाच्या निम्म्या प्रती प्रोटॉन धरून असतात आणि निम्म्यांनी तो सोडलेला असतो. पीएच त्याहून एकने वर गेला, तर सोडलेले दहा आणि धरलेला एक असं प्रमाण होतं; दोनने वर गेला, तर शंभरास एक. एकने खाली आला, तर नेमकं उलट. हेंडरसन आणि हॅसलबाल्क या दोघांच्या नावाने जे समीकरण पाठ्यपुस्तकात येतं, त्याचा सगळा मतलब एवढाच.

बाजाराची तुलना एका जागी मात्र तुटते. शेतकऱ्यांमध्ये काही घट्ट मुठीचे असतात, काही घाईचे. रेणू सगळे एकसारखेच. जो आत्ता प्रोटॉन धरून आहे, तो पुढच्या क्षणी सोडेल आणि दुसरा उचलेल. ‘निम्मे’ हा कोणत्याही क्षणी काढलेला हिशेब आहे.

प्रोटॉन सुटल्यावर प्रभाराचं काय होतं? इथे दोन तऱ्हेचे गट वेगळे करावे लागतात. कार्बॉक्सिल गट प्रोटॉन धरून असताना प्रभारहीन असतो आणि सोडला की उणे एक होतो. अमिनो गट प्रोटॉन धरून असताना अधिक एक असतो आणि सोडला की शून्य होतो. दोन्हींमध्ये प्रोटॉन गेला की प्रभार एकने खाली उतरतो, फरक फक्त सुरुवात कुठून होते त्याचा. विद्यार्थ्यांची गल्लत हमखास इथे होते. अमिनो गटानेही प्रोटॉन सोडल्यावर उणे व्हावं, असं धरून ते हिशेब करतात आणि पुढचं सगळं गणित एका घराने सरकतं.

ग्लुटामिक आम्लाच्या रेणूवर असे तीन गट आहेत. मधल्या कार्बनला चिकटलेला एक कार्बॉक्सिल, पीकेए २.१९. त्याच कार्बनवर एक अमिनो, पीकेए ९.६७. आणि बाजूच्या छोट्या साखळीच्या टोकाला दुसरा कार्बॉक्सिल, पीकेए ४.२५. दोन्ही कार्बॉक्सिल एकाच जातीचे असूनही त्यांच्या आकड्यांत दोनचा फरक का? कारण पहिल्याच्या शेजारी अधिक प्रभाराचा अमिनो गट बसलेला आहे. शेजारी अधिक प्रभार असला की उणे होणं सोपं जातं, म्हणून तो कार्बॉक्सिल प्रोटॉन लवकर सोडून देतो. दुसरा साखळीच्या टोकाला लांब आहे, त्याच्यावर हा प्रभाव क्षीण पडतो, म्हणून त्याचा आकडा व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाच्या ४.७६ च्या जवळपास राहतो.

आता हा रेणू तीव्र आम्लात, पीएच १ वर ठेवू आणि हळूहळू अल्कली घालत वर जाऊ. सुरुवातीला प्रोटॉनची रेलचेल आहे. तिन्ही गट भरलेले. दोन्ही कार्बॉक्सिल शून्य, अमिनो अधिक एक, बेरीज अधिक एक. अगदी काटेकोर बोलायचं, तर पीएच १ वरसुद्धा शंभरातल्या सहा रेणूंनी पहिला प्रोटॉन सोडलेला असतो, त्यामुळे सरासरी प्रभार ०.९४ येतो. पीएच २.१९ वर पहिला कार्बॉक्सिल निम्म्यावर आलेला असतो. त्याच्या वर गेलो की बहुतेक रेणूंवर एक उणे आणि एक अधिक अशी जोडी तयार होते. एकूण बेरीज शून्य.

या शून्याकडे जरा निरखून पाहायला हवं. रेणूवर प्रभारच नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. एका टोकाला पूर्ण अधिक आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण उणे असे दोन्ही प्रभार त्याच्यावर आहेत, फक्त एकमेकांना फेडणारे. अशा रूपाला झ्विटरआयन म्हणतात. अमिनो आम्लं दिसायला मिठासारखी स्फटिकी असतात आणि तापवली तर सहजी वितळत नाहीत, बहुधा करपून विघटित होतात. दोन रेणूंमधल्या अधिक-उण्याच्या ओढीने स्फटिक घट्ट बांधलेला असतो, त्याचा हा परिणाम.

आणखी वर गेलो की ४.२५ वर बाजूच्या साखळीतला कार्बॉक्सिल निम्म्यावर येतो. पीएच सातला पोचेपर्यंत तो जवळजवळ सगळा प्रोटॉन सोडून बसलेला असतो. दोन उणे, एक अधिक, बेरीज उणे एक. आपल्या रक्तातलं ग्लुटामेट याच रूपात असतं. ९.६७ च्या पुढे अमिनो गटही हात वर करतो आणि पीएच १२ वर बेरीज उणे दोनवर येते. म्हणजे एकच रेणू, पण पीएच बदलला की अधिक एक, शून्य, उणे एक, उणे दोन अशी चार रूपं. ‘ग्लुटामिक आम्लाचा प्रभार किती?’ या प्रश्नाला पीएच सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आता ३.२ चा उलगडा करता येतो. ज्या पीएचवर सरासरी प्रभार बरोबर शून्य होतो, त्याला समविद्युत बिंदू म्हणतात. तो शोधण्यासाठी शून्य प्रभाराचं रूप कोणत्या दोन पायऱ्यांच्या मध्ये आहे ते पाहायचं. वरच्या प्रवासात ते २.१९ आणि ४.२५ यांच्या मध्ये आलं. २.१९ च्या पायरीवरून अधिक एक रूपातले रेणू शून्यावर येतात. ४.२५ च्या पायरीवरून शून्य रूपातले रेणू उणे एकवर जातात. अधिक एकवाले जितके शिल्लक, तितकेच उणे एकवाले तयार झालेले असले, की सरासरी शून्य. दोन्ही खुणांपासून सारख्याच अंतरावर उभं राहिलं की हे साधतं, म्हणजे त्यांच्या बरोबर मध्यावर. २.१९ अधिक ४.२५ भागिले दोन, उत्तर ३.२२.

ताळा करून पाहू. पीएच ३.२२ वर पहिल्या खुणेपासूनचं अंतर १.०३ आहे, दुसऱ्यापासूनचंही १.०३. त्यामुळे शून्य रूपाच्या दर शंभर रेणूंमागे साधारण नऊ अधिक एकवाले आणि नऊ उणे एकवाले असतात. एकूणात पाहिलं, तर शंभरातले ८४ शून्य, ८ अधिक, ८ उणे. समविद्युत बिंदूवर प्रत्येक रेणू शून्य असतो असं नाही. दोन्ही बाजू सारख्या भरलेल्या असतात, एवढंच.

इथे तिसऱ्या पीकेएचं, ९.६७ चं काय झालं? काहीच नाही. पीएच ३ वर अमिनो गट ठामपणे भरलेला आहे, त्याची खूण साडेसहा घरं लांब आहे. या हिशेबात तो एक कायमचा अधिक म्हणून बसतो आणि गप्प राहतो. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे तिन्ही पीकेएंची सरासरी काढणं. उत्तर येतं ५.३७. दुसरी, पहिला आणि शेवटचा घेणं. उत्तर येतं ५.९३. चूक ओळखायला पुस्तक उघडावं लागत नाही. आलेल्या पीएचवर प्रभार पुन्हा मोजायचा. ५.३७ वर शंभरातले ९३ रेणू उणे एक रूपात असतात, ५.९३ वर ९८. दोन्ही ठिकाणी सरासरी उणे एकच्या जवळ जाते. शून्याचा पत्ताच नाही.

बाजूच्या साखळीत अमिनो गट असेल, तर हेच चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं होतं. लायसिनचे आकडे २.१८, ८.९५ आणि १०.५३ आहेत. पीएच १ वर त्याच्यावर दोन अधिक. २.१८ ओलांडल्यावर एक अधिक. शून्य यायला ८.९५ ओलांडावं लागतं आणि १०.५३ ला ते संपतं. म्हणून मध्य या दोघांचा, ९.७४. इथे गप्प बसणारा गट कार्बॉक्सिल. ग्लायसिनला बाजूची साखळीच नाही, दोनच आकडे, २.३४ आणि ९.६०, म्हणून मध्य ५.९७. पण ग्लायसिनचा हा बिंदू फारसा ‘बिंदू’ नाही. दोन खुणांमध्ये सात घरांचं अंतर असल्यामुळे पीएच चारपासून आठपर्यंत त्याचा सरासरी प्रभार शून्याजवळच रेंगाळतो, कडेलाही शंभरात दोन-अडीचचा फरक. ग्लुटामिक आम्लात मात्र खुणा जवळजवळ आहेत आणि बिंदू टोकदार आहे. पीएच एका घराने चुकला की प्रभार चांगलाच हलतो.

म्हणूनच कारखान्यात आकडा जपावा लागतो. पण प्रभार शून्य झाला की स्फटिक का पडतात? पाण्यात ग्लुटामिक आम्लाची तीन-चार रूपं एकत्र असली, तरी स्फटिक बनतो तो फक्त शून्य रूपाच्या रेणूंचा. या रूपाला पाण्यात विरघळायची एक मर्यादा आहे, लिटरला साधारण सात ग्रॅम. अधिक किंवा उणे रूपातले रेणू या मर्यादेत मोजले जात नाहीत, ते तिच्यावर वरकड म्हणून द्रावणात राहतात. पीएच ३.२२ वर हे वरकड रेणू कमीत कमी असतात, म्हणून लिटरभर पाण्यात खोलीच्या तापमानाला एकूण आठ-नऊ ग्रॅमच मावतं. पीएच ५.२५ वर, म्हणजे दुसऱ्या खुणेच्या एक घर वर, शून्य रूपाच्या एका रेणूमागे उणे रूपाचे दहा असतात. कागदावरच्या हिशेबाने मावणारा माल अकरा पट होतो, लिटरला ऐंशी ग्रॅमच्या आसपास. दुसऱ्या बाजूला पीएच १.१९ वर अधिक रूपाचे दहा रेणू जमतात आणि माल पुन्हा विरघळतो. टाकीत जे दोन्हीकडून नुकसान दिसत होतं, ते याच दोन उतारांमुळे.

टाकीत अर्थात निव्वळ पाणी नसतं. क्षार असतात, साखरेचे अवशेष असतात, जिवाणूंचे कण असतात. पुस्तकातले पीकेए साधारण २५ अंश तापमानाला आणि पातळ द्रावणात मोजलेले. खारट द्रावणात आणि वेगळ्या तापमानाला ते थोडेफार सरकतात. म्हणून ३.२२ मधला दुसरा दशांश कारखान्यात कोणी मनावर घेत नाही, ३.२ च्या आगेमागे थांबतात. त्याहून मोठी डोकेदुखी घाईची. ग्लुटामिक आम्लाचे स्फटिक दोन प्रकारांनी बनतात. अल्फा प्रकार जाड, दाणेदार, लवकर तळाशी बसणारा. बीटा प्रकार पातळ पापुद्र्यांसारखा, मळी अडकवून ठेवणारा आणि गाळणीत तुंबणारा. आम्ल भराभर ओतलं, तर बीटाचा धोका वाढतो. म्हणून आम्ल सावकाश सोडतात, अल्फा स्फटिकांचं बी टाकतात आणि पहिले दाणे दिसू लागले की पुढे जाण्याआधी त्यांना वाढू देतात. आकडा बरोबर असूनही वाट चुकली, तर माल खराब निघतो.

स्फटिक वेगळे करून धुतले की उलटा प्रवास सुरू होतो. त्यांना पाण्यात कालवून सोडा घातला जातो आणि पीएच सातच्या आसपास आणला जातो. बाजूचा कार्बॉक्सिल प्रोटॉन सोडतो, त्या उणे प्रभाराला सोडियमची जोड मिळते आणि मोनोसोडियम ग्लुटामेट तयार होतं. १४७ ग्रॅम ग्लुटामिक आम्लाला ४० ग्रॅम कॉस्टिक सोडा, एका रेणूला एक रेणू. हे मीठ लिटरभर पाण्यात सातशे ग्रॅमच्या आसपास विरघळतं. तोच रेणू, एका प्रोटॉनाचा फरक, आणि विरघळण्यात ऐंशी पटींची तफावत. सोडा जास्त झाला आणि पीएच दहाच्या वर गेला, तर अमिनो गटही प्रोटॉन सोडतो आणि डायसोडियम ग्लुटामेट बनतं. त्याला ती हवीहवीशी चव नसते. जिभेला उणे एकचंच रूप लागतं.

हाच प्रभाराचा हिशेब विदर्भात, मेळघाटात, नंदुरबारमध्ये रोज एका वेगळ्याच कामासाठी वापरला जातो, आणि तिथेही मुख्य पात्र ग्लुटामिक आम्लच आहे. तो आजार म्हणजे सिकलसेल.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. माळेत ओवलं गेलं की प्रत्येक अमिनो आम्लाचे मधल्या कार्बनवरचे दोन्ही गट एकमेकांशी जोडण्यात खर्च होतात. उरतो तो बाजूच्या साखळीवरचा गट. म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या ग्लुटामिक आम्लाचा २.१९ आणि ९.६७ शी संबंध संपतो. फक्त बाजूचा कार्बॉक्सिल बोलतो. रक्ताचा पीएच ७.४, या गटाची खूण चारच्या आगेमागे, तेव्हा त्याने प्रोटॉन केव्हाच सोडलेला असतो आणि त्याच्यावर एक पक्का उणे असतो. प्रथिनात शेजारपाजार बदलल्यामुळे हे पीकेए इकडेतिकडे सरकतात, पण तीन घरांचं अंतर असताना निष्कर्ष सहसा बदलत नाही.

हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. सिकलसेलमध्ये तिथे व्हॅलिन बसलेलं असतं, आणि व्हॅलिनच्या बाजूच्या साखळीवर प्रोटॉन देणारा-घेणारा गटच नाही. दोन बीटा साखळ्या, म्हणजे दोन उणे प्रभार गेले. हजारो अणूंच्या त्या अवाढव्य रेणूच्या हिशेबात हा फरक चिमूटभर, पण मोजता येण्यासारखा.

तो पहिल्यांदा मोजला लायनस पॉलिंग, हार्वी इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, १९४९ मध्ये. कार्बन मोनॉक्साइड जोडलेल्या निरोगी हिमोग्लोबिनचा समविद्युत बिंदू त्यांना ६.८७ मिळाला, सिकलसेलवाल्याचा ७.०९. उणे प्रभार कमी झाला की शून्यावर यायला आणखी वरचा पीएच लागतो, त्यामुळे बिंदू वर सरकला. त्यांनी पीएच ६.९ चं द्रावण घेऊन त्यातून विद्युतप्रवाह सोडला. निरोगी हिमोग्लोबिन आपल्या बिंदूच्या किंचित वर होतं, म्हणून उणे, आणि ते धनाग्राकडे निघालं. सिकलसेलचं अजून आपल्या बिंदूच्या खाली, म्हणून अधिक, आणि ते ऋणाग्राकडे गेलं. एकाच नळीत दोन हिमोग्लोबिनं उलट्या दिशांना चालली. कोणत्या जागचं अमिनो आम्ल बदललं, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. ते व्हर्नन इनग्राम यांनी १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात शोधलं. पण रेणूवरचा उणे प्रभार कमी झाला आहे, हे प्रवाहाने आधीच सांगितलं होतं.

रोजच्या तपासणीत ६.९ पीएच घेत नाहीत. बिंदूच्या इतकं जवळ प्रभार अगदी थोडा असतो आणि रेणू फार रेंगाळतात. त्याऐवजी सेल्युलोज ॲसिटेटची पट्टी घेतात आणि पीएच ८.६ चं बफर. या पीएचवर दोन्ही हिमोग्लोबिनं उणेच असतात आणि दोन्ही धनाग्राकडे धावतात, पण निरोगी ए पुढे जातं आणि दोन उणे गमावलेलं एस मागे राहतं. आजारी माणसाच्या पट्टीवर एसचा ठळक पट्टा दिसतो आणि एचा दिसत नाही. आईवडिलांपैकी एकाकडूनच दोष आलेल्या वाहकाच्या पट्टीवर ए आणि एस असे दोन पट्टे दिसतात. लग्नाआधी जी तपासणी करून घ्यायला सांगतात, ती हे वाहक ओळखण्यासाठी.

या पद्धतीची मर्यादा त्याच हिशेबातून कळते. पंजाबकडे आढळणाऱ्या हिमोग्लोबिन डीमध्ये बीटा साखळीतल्या १२१ व्या जागच्या ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामिन आलेलं असतं. ग्लुटामिन प्रभारहीन. जागा वेगळी, पण गमावलेले उणे तेवढेच, दोन. म्हणून पीएच ८.६ वर डी आणि एस एकाच ठिकाणी थांबतात आणि नुसत्या पट्टीवरून ते वेगळे सांगता येत नाहीत. ईशान्य भारतातल्या हिमोग्लोबिन ईमध्ये २६ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन येतं. इथे उणे जातो आणि वर एक अधिक येतो, दर साखळीमागे दोनचा फरक, त्यामुळे तो पट्टा एसच्याही मागे पडतो. आफ्रिकेत आढळणाऱ्या सीमध्ये सहाव्या जागीच लायसिन असतं आणि तोही ईच्याच ठिकाणी येऊन थांबतो.

सी हे उदाहरण आणखी एक गैरसमज दूर करतं. सहाव्या जागचं ग्लुटामिक आम्ल त्यातही गेलेलं आहे, तरी एकट्या सीमुळे लाल पेशी कोयत्यासारख्या होत नाहीत. प्राणवायू सुटल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून दोर बनतात ते व्हॅलिनच्या तेलकट, पाण्यापासून अंग चोरणाऱ्या साखळीमुळे. ती शेजारच्या रेणूवरच्या खाचेत जाऊन बसते. उणे प्रभार जाणं ही आजाराची खूण आहे, आजाराचं सगळं कारण नव्हे.

म्हणून ८.६ च्या पट्टीवर एसच्या जागी पट्टा दिसला, की प्रयोगशाळा तिथेच थांबत नाही. एक वाट विद्राव्यतेच्या चाचणीची. प्राणवायू काढून घेणाऱ्या खारट द्रावणात एस गढूळ होतो, डी स्वच्छ राहतो. दुसरी वाट आम्लधर्मी, पीएच ६.२ च्या सायट्रेट अगारवर पुन्हा धावून पाहण्याची. तिथे रेणूचा प्रभारच नव्हे, तर अगारशी होणारी त्याची सलगीही वेग ठरवते, आणि एस व डी वेगळे पडतात. एका पीएचवरची धाव किती प्रभार बदलले ते सांगते. कोणता रेणू बदलला, ते सांगायला दुसरा पीएच किंवा दुसरी कसोटी लागतेच. हातात फक्त ८.६ चा अहवाल असेल आणि त्यावर ‘एस’ लिहिलं असेल, तर दुसरी चाचणी झाली का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारावं.